व्हायव्हाआधीचे पंधरा दिवस: एआयकडून भाषा सुधारून घेतलेला प्रबंध पुन्हा वाचताना

पीएच.डी.च्या प्रबंधावर बाहेरच्या परीक्षकांचे अहवाल आले, व्हायव्हाची म्हणजे तोंडी परीक्षेची तारीख पडली, की विद्यार्थ्याच्या हातात साधारण दोन-तीन आठवडे उरतात. याच दिवसांत इंदूरमधली मुलं-मुली आमच्याकडे येतात. आम्ही तिघे जण रामबागेतल्या एका घरी बसून त्यांचा सराव घेतो. अलीकडे जवळजवळ प्रत्येक जण आल्या आल्या एक वाक्य सांगतो: "सर, भाषा तेवढी एआयकडून सुधारून घेतली आहे, बाकी सगळं माझंच आहे." हे खरंच असतं. नमुने त्यांनीच गोळा केलेले असतात, तक्ते त्यांचे, निष्कर्षही त्यांचेच. तरीही सरावात ते अडकतात, आणि अडकतात ते आपल्याच प्रबंधातल्या वाक्यांवर. व्याकरण सुधारताना काही ठिकाणी वाक्याचा अर्थही सरकलेला असतो आणि नेमका कुठे सरकला हे त्यांना ठाऊक नसतं. परीक्षकाने जुनं वाक्य पाहिलेलंच नाही. त्याच्यासमोर छापील पान आहे, तो त्यातल्या शब्दाचा जाब विचारणार.

या पंधरा दिवसांत आम्ही काय करून घेतो, ते एका प्रबंधाच्या आधाराने सांगतो. विद्यार्थिनीची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. चुका मात्र आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलेल्या आहेत.

विषय होता कान्ह नदीच्या काठच्या गावांमधल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. तीस विहिरी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा नमुने. प्रबंध इंग्रजीत. तिने एकेक परिच्छेद एआयच्या चौकटीत टाकला होता, 'व्याकरण सुधार आणि वाक्यं आटोपशीर कर' अशी सूचना दिली होती आणि आलेलं उत्तर वर्डच्या फाइलीत जुन्या परिच्छेदाच्या जागी चिकटवलं होतं.

सगळ्यात आधी सुधारणेपूर्वीची फाइल शोधावी लागते, आणि ती बहुतेकांकडे नसते, कारण तिच्यावरच नवा मजकूर चढवलेला असतो. पण शोधली तर सापडते. मार्गदर्शकांना वेळोवेळी ईमेलने पाठवलेली प्रकरणं 'सेंट' मध्ये असतात. प्रबंध सादर करण्याआधी सल्लागार समितीसमोर जे सादरीकरण होतं, त्यासाठी काढलेली प्रत बहुधा सुधारणेच्या आधीचीच असते. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर `File` → `Version history` → `See version history` इथे तारखेनुसार जुन्या आवृत्त्या मिळतात. यातलं काहीच नसेल, तर एआयबरोबरचा संवाद उघडावा. तिथे प्रत्येक उत्तराच्या वर आपण टाकलेला मूळ परिच्छेद जसाच्या तसा असतो. घाबरून हे संवाद पुसून टाकणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. ते पुसू नयेत. केवळ भाषेसाठीच मदत घेतली होती, याचा तोच तर पुरावा आहे.

दोन्ही फाइली हाती आल्या की वर्डमध्ये `Review` → `Compare` → `Compare` इथे जुनी आणि नवी फाइल द्यायची. तिथेच `More` दाबून `Formatting` आणि `White space` यांच्यापुढची खूण काढायची, नाहीतर फाँट आणि मोकळ्या जागा यांचेच हजार बदल दिसतात आणि कामाचे त्यांत बुडतात. `Show changes at` मध्ये `Word level` ठेवावं. चाळीस पानांच्या प्रकरणात एवढं करूनही शेकडो खुणा उरतात. त्यातल्या बहुतेक 'द', 'अ', स्वल्पविराम आणि क्रियापदाच्या काळाच्या असतात. त्या डोळ्यांखालून घालायच्या आणि पुढे जायचं. थांबायचं ते नाम, विशेषण, एकक, नकार किंवा 'कदाचित'सारखा शब्द बदललेला असेल तिथे. दिवसाला एक प्रकरण, या वेगाने सहा प्रकरणांचा प्रबंध एका आठवड्यात होतो. निकाल आणि चर्चा ही दोन प्रकरणं आधी घ्यावीत, कारण व्हायव्हातले बहुतेक प्रश्न तिथूनच येतात.

आकड्यांसाठी आम्ही एक वेगळी तपासणी करतो. दोन्ही फाइली `old.txt` आणि `new.txt` या नावांनी साध्या मजकुरात सेव्ह करून त्यांतले फक्त आकडे बाहेर काढायचे आणि ते एकमेकांशी ताडून पाहायचे. विंडोजवर हे `Git Bash` या मोफत प्रोग्राममध्ये चालतं:

```
grep -oE '[0-9]+(\.[0-9]+)?' old.txt > a.txt
grep -oE '[0-9]+(\.[0-9]+)?' new.txt > b.txt
diff a.txt b.txt
```

शेवटच्या ओळीने काहीच दाखवलं नाही, तर दोन्हीकडचे आकडे तेच आहेत आणि त्याच क्रमाने आहेत. वाक्यांची अदलाबदल झाली असेल तर क्रम बदलल्यामुळे फरक दिसतो. तसंच '3' चं 'थ्री' झालं असेल तर एक आकडा गायब दिसतो. अशी जागा हाताने पाहायची.

या मुलीच्या प्रबंधात ही तपासणी कोरी आली, एकही आकडा हललेला नव्हता. ती निर्धास्त झाली, आणि खरी चूक तिथेच होती.

प्रयोगशाळेत नायट्रेट मोजताना उत्तर दोन प्रकारे लिहितात. एक, अख्ख्या नायट्रेटचं वजन. दुसरं, त्या नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन, ज्याला नायट्रेट-नायट्रोजन म्हणतात. नायट्रेटचा रेणुभार 62 आणि त्यात नायट्रोजन 14, म्हणून एकाचं दुसऱ्यात रूपांतर असं होतं:

```
NO3 = NO3-N × 4.43
```

पिण्याच्या पाण्यासाठीचं भारतीय मानक, म्हणजे आयएस 10500, 2012, नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम देतं, आणि ती अख्ख्या नायट्रेटची आहे. तीच मर्यादा नायट्रेट-नायट्रोजनमध्ये लिहिली तर सुमारे 10.2 मिलिग्रॅम होते. मुलीचे सगळे आकडे नायट्रेट-नायट्रोजनमध्ये होते आणि तिच्या जुन्या फाइलीत प्रत्येक ठिकाणी तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. 'आटोपशीर कर' या सूचनेमुळे मॉडेलला 'नायट्रेट-नायट्रोजन' ही उगाच केलेली पुनरुक्ती वाटली आणि पहिल्या उल्लेखानंतर त्याने सगळीकडे नुसतं 'नायट्रेट' केलं. वाचायला वाक्य छान झालं. पण एका विहिरीचं जे 12 मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन होतं, म्हणजे खरं तर 53 मिलिग्रॅम नायट्रेट आणि मर्यादेच्या वर, ते आता '12 मिलिग्रॅम नायट्रेट' झालं. मानकाशी ताडलं तर ही विहीर अगदी सुरक्षित ठरते. त्याच परिच्छेदात दोन वाक्यांनंतर तिचंच वाक्य होतं की ही विहीर पिण्यायोग्य नाही. तक्त्याच्या शीर्षकात मात्र जुनं एकक तसंच होतं, कारण तक्ते तिने एआयला दिलेच नव्हते.

परीक्षक रसायनशास्त्राचा असेल तर हे त्याला पहिल्या वाचनात दिसतं, आणि त्याच्या मनात येतं की हिला एककातला फरकच कळत नाही. तिला तो नीट कळत होता, सरावात विचारल्यावर गुणाकार तिने तोंडी करून दाखवला. आकडे ताडणारी आज्ञा इथे कशी चुकते ते लक्षात घ्यावं: ती आकडा पाहते, आकड्याला चिकटलेला शब्द पाहत नाही. म्हणून तपासणी कोरी आली तरी प्रत्येक एकक आणि आकड्याच्या पुढचं नाम `Compare` मधल्या खुणांत वेगळं पाहावंच लागतं. आपल्या विषयातल्या अशा जोड्या आधी कागदावर लिहून काढाव्यात. मातीच्या प्रबंधात फॉस्फरस आणि फॉस्फेट, अर्थशास्त्रात टक्के आणि टक्केबिंदू, शिक्षणशास्त्रात पटनोंदणी आणि उपस्थिती. मॉडेलच्या लेखी या जोड्या समानार्थी वाटू शकतात.

यानंतर आम्ही नव्या फाइलीत काही ठरलेले शब्द `Ctrl+F` ने शोधतो आणि ते जुन्या फाइलीत त्याच जागी होते का, हे पाहतो. यात पहिला शब्द 'रँडमली'. मुलीने लिहिलं होतं की ज्या शेतकऱ्यांनी परवानगी दिली, त्यांच्या विहिरी निरनिराळ्या गावांतून घेतल्या. तिच्या तुटक इंग्रजीतलं 'हिअर अँड देअर सिलेक्टेड' सुधारून झालं 'रँडमली सिलेक्टेड'. संख्याशास्त्रात रँडम या शब्दाला ठाम अर्थ आहे: विहिरींची पूर्ण यादी होती आणि प्रत्येक विहीर निवडली जाण्याची शक्यता माहीत होती. सरावात आमच्यातल्या एकाने परीक्षक होऊन विचारलं, "रँडम मतलब कैसे? लॉटरी निकाली, या रँडम नंबर टेबल से?" ती गप्प झाली. खरं उत्तर साधं होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं: सोयीचा नमुना होता, परवानगी मिळेल तिथून घेतला, म्हणून या तीस विहिरींवरून अख्ख्या काठाबद्दल टक्केवारी सांगता येत नाही. हे तिच्या मर्यादांच्या परिच्छेदात लिहिलेलंही होतं. एकाच प्रबंधातली दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध उभी होती आणि ती उभी करणारी ती नव्हतीच.

दुसरा शब्द 'सिग्निफिकंट'. 'बराच फरक दिसला' हे सुधारून 'सिग्निफिकंट फरक' होतं. संख्याशास्त्रात हा शब्द चाचणीत टिकलेल्या फरकालाच लावतात, म्हणून परीक्षक विचारतो की कोणती चाचणी लावली, पी-मूल्य किती आलं. काही ठिकाणी तिने खरंच चाचणी लावली होती, काही ठिकाणी नव्हती, आणि आता सगळीकडे एकच शब्द होता. आम्ही तिला प्रत्येक 'सिग्निफिकंट'समोर पेन्सिलीने तक्त्याचा क्रमांक लिहायला लावलं. ज्याच्यासमोर क्रमांक लिहिता येईना, तो शब्द दुरुस्तीच्या यादीत गेला. बावीसपैकी सात गेले.

कार्यकारण सुचवणारे शब्दही असेच पाहावे लागतात. विहिरीचं शेतापासूनचं अंतर आणि नायट्रेट यांच्यात तिला उणे 0.41 इतका सहसंबंध मिळाला होता. तीस विहिरींसाठी पाच टक्के पातळीवर 0.36 च्या पुढचा सहसंबंध निव्वळ योगायोगाचा नाही असं धरलं जातं, त्यामुळे हा संबंध नोंदवण्याजोगा होता. पण 0.41 चा वर्ग 0.17 येतो, म्हणजे नायट्रेटमधल्या चढउतारापैकी साधारण सहावा हिस्साच अंतराशी जोडता येतो. जुन्या फाइलीत 'मे बी रिलेटेड' होतं, नव्यात 'इज ड्रिव्हन बाय'. गुरांचे गोठे, शौचालयांचे शोषखड्डे, काळ्या मातीतल्या भेगा आणि खालच्या बेसाल्टमधल्या फटी, एवढी कारणं शिल्लक असताना 'ड्रिव्हन बाय'चा बचाव कुणालाही करता येणार नाही. 'मे', 'कुड', 'सजेस्ट' असे नरम शब्द नवख्याच्या लिखाणात जरा जास्तच असतात, म्हणून मॉडेल ते छाटतं. वाक्य ठसठशीत होतं खरं, पण दावा पुराव्याच्या पुढे निघून जातो.

आणखी एक बदल सहज नजरेतून सुटतो, आणि त्यात विद्यार्थ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुन्या फाइलीत दोन वाक्यं होती. पहिलं तिच्या स्वतःच्या निरीक्षणाचं: पावसाळ्यानंतर उथळ विहिरींत नायट्रेट वाढलं. दुसरं आधीच्या एका अभ्यासाचं, शेवटी कंसात संदर्भ. मॉडेलने दोन्ही जोडून एक लांब वाक्य केलं आणि संदर्भ शेवटीच राहिला. आता वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी त्या जुन्या अभ्यासातल्या वाटतात. तिचं स्वतःचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं. "ये तो पहले से पता था, इसमें आपका नया क्या है?" हा प्रश्न इथून येतो, आणि मुलं गोंधळतात, कारण त्यांच्या मते ते वाक्य त्यांचंच आहे. उलटही होतं: दुसऱ्याची गोष्ट संदर्भापासून तुटून आपली वाटायला लागते, आणि ते जास्त गंभीर. `Compare` मध्ये जिथे पूर्णविराम पुसलेला दिसेल आणि त्याच ओळीत संदर्भ असेल, ती प्रत्येक जागा पाहायची. अशा जागा मोजक्याच निघतात, पण त्या सोडून चालत नाही.

आता प्रश्न येतो की प्रबंध तर सादर झाला आहे, चुका सापडल्या तर करायचं काय. लपवायचं नाही, आणि व्हायव्हाच्या खोलीत पहिल्यांदा बाहेरही काढायचं नाही. एक शुद्धिपत्रक करायचं. त्यात पान, ओळ, छापलेलं वाक्य, योग्य वाक्य आणि एका ओळीत कारण. पान आणि ओळ सादर केलेल्या प्रतीतलीच हवी, कारण परीक्षकाच्या हातात तीच असते. संगणकावरच्या फाइलीत पानं पुढेमागे सरकलेली असतात. स्वल्पविराम आणि शुद्धलेखन यांत घालू नये, नाहीतर निष्कर्षावर परिणाम करणाऱ्या ओळी त्या गर्दीत हरवतात. या मुलीचं पत्रक दोन पानांचं झालं, एकोणीस ओळींचं. ते आधी मार्गदर्शकांना दाखवायचं. व्हायव्हाला तेच समोर बसलेले असतात, त्यांना ते तिथे पहिल्यांदा कळता कामा नये. परीक्षकांना ते आधी पाठवायचं की सादरीकरणाच्या वेळी द्यायचं, हे मार्गदर्शक ठरवतात. आमचा अनुभव असा की एककासारखी चूक असेल तर सादरीकरणातच, निकालांच्या आधीच्या स्लाइडवर ती आपणहून सांगितलेली बरी. 'पान अमुकवर नायट्रेट असं छापलं आहे, तिथे नायट्रेट-नायट्रोजन वाचावं, तक्त्यातलं एकक बरोबर आहे, निष्कर्षात फरक पडत नाही.' एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. तीच चूक परीक्षकाने काढली तर त्यावर पंधरा मिनिटं जातात.

दुसरा आठवडा आम्ही बोलण्यासाठी ठेवतो. इंदूरमध्ये यात एक खास अडचण आहे. मुलगी घरी मराठी बोलते, विद्यापीठात हिंदी, आणि प्रबंध इंग्रजीत. परीक्षक बाहेरगावचे, प्रश्न हिंदी-इंग्रजी मिश्र. सुधारलेला प्रबंध अशा सफाईच्या इंग्रजीत असतो की ती स्वतः कधीच तसं बोलत नाही. मग ती प्रबंधातली वाक्यं पाठ करून येते, दुसऱ्या वाक्याला अडखळते, आणि ऐकणाऱ्याच्या मनात शंका येते की लिहिलं दुसऱ्याच कुणी. पाठांतर पहिल्या दिवशीच बंद करायचं. आम्ही असं करतो: निकालाच्या प्रकरणातलं एक वाक्य दाखवायचं, पान झाकायचं आणि ते मराठीत सांगायला लावायचं, जसं घरात आजीला सांगावं. मराठीत सांगता आलं नाही तर मुद्दा कळलेला नाही, तिथे थांबायचं. सांगता आलं तर तेच हिंदीत, पारिभाषिक शब्द इंग्रजी ठेवून. शेवटी इंग्रजीत, पण आपल्या छोट्या वाक्यांत. 'विहीर जितकी शेताजवळ तितकं नायट्रेट जास्त, पण पक्कं नाही, बाकीची कारणंही आहेत.' एवढं जिला तिन्ही भाषांत सांगता येतं, तिला त्या वाक्यावरचा कोणताही उलटा प्रश्न सोडवता येतो. रोज दहा वाक्यं, सहा दिवस. तेवढी पुरतात, कारण प्रबंधातली वजनदार वाक्यं पन्नास-साठच असतात.

याच वेळी विशेषणं आपोआप गळतात. 'रोबस्ट', 'नॉव्हेल', 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' हे शब्द मराठीत सांगताना कुणीच वापरत नाही. सांगताना जो शब्द गळला, तो प्रबंधात कुठे आहे ते पाहून तो मूळचा आपला होता का, हे तपासायचं.

आता तो थेट प्रश्न. "ये एआई से लिखवाया है क्या?" याचं उत्तर तयार असावं आणि ते खरं असावं. कोणतं साधन, कोणत्या महिन्यांत, कोणत्या प्रकरणांसाठी, काय सूचना देऊन, आणि काय दिलं नाही: तक्ते, आकडेमोड, संदर्भ, निष्कर्ष. शेवटी, 'सुधारलेला मजकूर मी मूळ फाइलीशी ताडून पाहिला, त्यात एवढे बदल सापडले, ते शुद्धिपत्रकात आहेत.' एक मिनिटात संपतं. बरोबर एक छापील पान ठेवावं, डावीकडे मूळ परिच्छेद, उजवीकडे सुधारलेला. मूळ परिच्छेदातलं चुकीचं इंग्रजी दाखवायला मुलं कचरतात. पण त्या तुटक इंग्रजीतच विहिरींची नावं, तारखा आणि आकडे सगळे जागेवर असतात, आणि काम कुणाचं आहे हे त्यावरून लगेच कळतं.

प्रबंधात हे आधीच जाहीर केलेलं असेल तर उत्तम. नसेल तर अंतिम प्रतीत दोन ओळी घालता येतील का, हे मार्गदर्शकांना विचारावं. आभारप्रदर्शनात 'साहाय्य लाभले' असं मोघम लिहिण्यापेक्षा पद्धतीच्या प्रकरणाच्या शेवटी साधनाचं नाव, काळ आणि उपयोग इतकंच लिहावं.

टक्क्यांवरून फार गैरसमज होतात. यूजीसीच्या 2018 च्या साहित्यचोरीविषयक नियमांत जी दहा टक्क्यांची पातळी आहे, ती इतरांच्या मजकुराशी असलेल्या साम्याची आहे. एआयचा अंदाज सांगणारा टक्का हा वेगळा अहवाल आहे, आणि दोन्ही एकाच कार्यालयातून, कधी एकाच फाइलीत येत असल्याने मुलं एकाचं उत्तर दुसऱ्याला देतात. भाषा सुधारल्याने साम्य कमी होऊ शकतं आणि एआयचा टक्का मात्र वाढू शकतो. कारण ओळखणारी साधनं पुढचा शब्द किती सहज अपेक्षित आहे हे पाहतात, आणि सुधारणा म्हणजे बहुतेक वेळा आपला वेडावाकडा शब्द काढून अपेक्षित शब्द बसवणं. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले टोफेलचे निबंधही अशी साधनं मोठ्या प्रमाणात एआयचे ठरवतात. टर्निटिन या तपासणी-साधनाच्या अहवालात एक ते एकोणीस टक्क्यांसाठी आकड्याऐवजी `*%` दिसतं, कारण तिथे चुकीचा आळ येण्याची शक्यता जास्त धरली आहे. हे सगळं माहीत असावं, पण व्हायव्हात यावर व्याख्यान देऊ नये. टक्का चुकीचा आहे हे सिद्ध करत बसलं की संशय वाढतो. मूळ फाइल आणि तारखा दाखवल्या की तो विषय तिथेच थांबतो.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार व्हायव्हाला मार्गदर्शक आणि बाहेरचा किमान एक परीक्षक असतो, आणि इतर शिक्षक, संशोधक व विद्यार्थीही बसू शकतात. म्हणजे प्रश्न फक्त ज्यांनी प्रबंध वाचला त्यांच्याकडूनच येतील असं नाही. मागच्या रांगेतून कुणी तरी स्लाइडवरचा शब्द धरून विचारतं. म्हणून स्लाइडवर सुधारलेल्या प्रबंधातली वाक्यं उचलून घालायची नाहीत, ती नव्याने आणि थोडक्यात, आपल्या शब्दांत लिहायची. या मुलीच्या पहिल्या स्लाइडींवर 'रँडमली' पुन्हा आलं होतं, कारण तिने ते सादर केलेल्या प्रतीतूनच उतरवलं होतं.

खोलीत जाताना टेबलावर सादर केलेली प्रत ठेवावी, पेन्सिलीच्या खुणांसकट. रंगीत चिठ्ठ्या फक्त शुद्धिपत्रकातल्या पानांवर. परीक्षक पान सांगतो तेव्हा ते पाच सेकंदांत उघडलं पाहिजे, आणि उत्तर देण्याआधी छापलेलं वाक्य एकदा मनात वाचावं. ते आपलं जुनं वाक्य नसेलही. वाक्य चुकलेलं असेल तर "सर, यह वाक्य गलत छपा है, मेरा मतलब यह था," म्हणून तक्त्यावर बोट ठेवावं. एआयने चूक केली असं म्हणू नये. सही आपली आहे, वाक्यही आपलं.

व्हायव्हानंतर सुचवलेल्या दुरुस्त्या आणि शुद्धिपत्रक दोन्ही अंतिम प्रतीत घालावं लागतं, कारण शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या देशभरच्या ऑनलाइन संग्रहात, जाते ती हीच प्रत आणि पुढचे संशोधक तिथलेच आकडे उचलतात. ही दुरुस्ती हातानेच करावी. परिच्छेद पुन्हा एआयमधून काढला की 'नायट्रोजन' पुन्हा गळतं. आधी फक्त पत्रकातल्या दुरुस्त्या घालून ती फाइल सादर केलेल्या फाइलीशी `Compare` ने आणखी एकदा ताडून पाहावी: पत्रकात जेवढ्या ओळी, तेवढ्याच जागी बदल दिसले पाहिजेत. या मुलीच्या फाइलीत एकोणीसच्या जागी वीस दिसले. विसावा बदल चौथ्या प्रकरणातल्या एका विहिरीच्या क्रमांकाचा होता, दुरुस्ती करताना आकडे उलटे पडून 17 चं 71 झालं होतं, आणि विहिरी तर तीसच होत्या.